काळ्या पडलेल्या पावत्या

विमानतळावर सामानाचा पट्टा थांबला तरी फाईलबाई तिथेच उभ्या होत्या. सगळ्यांच्या बॅगा गेल्या होत्या. पट्ट्यावर एक बेवारशी छत्री तेवढी उरली होती आणि ती काही त्यांची नव्हती.

फाईलबाई हे त्यांना ऑफिसने दिलेलं नाव. जमिनीच्या नोंदींच्या कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं. कुठलाही कागद मागा, तीन मिनिटांत टेबलावर. साहेब बदलले, इमारत बदलली, एकदा छताची गळतीही झाली, पण बाईंच्या हातून चिठोरं हरवलं नाही. आणि आता अख्खी बॅग हरवली होती, तीही जावयाच्या नव्हे, सुनेच्या दारात जाताना. देवाने थट्टा करावी, पण वेळ तरी बघावी की नाही?

वेळ खरंच नाजूक होती. नवरा गेल्यावर बाई तीन वर्षं एकट्याच राहत होत्या. लेक दर आठवड्याला फोनवर म्हणायचा, "आई, आता कायमची इकडेच ये." लेकाचं ठीक होतं, तो पोटचा. सून मात्र या विषयावर चकार शब्द काढत नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोघींनी एका घरात सलग पाच दिवससुद्धा काढले नव्हते. म्हणून बाईंनी मनाशी ठरवलं होतं की पंधरा दिवस जाऊन बघायचं. सुनेच्या तोंडून "राहा" आलं तर राहायचं, नाही आलं तर हसतमुखाने परतायचं. लेकाने जाण्याचं तेवढं तिकीट काढलं होतं, "परतीचं नंतर बघू" म्हणाला होता. त्यात भर म्हणजे नेमका याच आठवड्यात तो बालवाडीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला परगावी गेला होता. म्हणजे सासू आणि सून, मधे कोणी नाही.

सुनेने आदल्या दिवशी फोन करून बजावलं होतं, "आई, बॅग आली नाही तर तक्रार नोंदवल्याशिवाय बाहेर यायचं नाही. आणि कुठलाही कागद फेकायचा नाही." कागद फेकू नका, हे फाईलबाईंना! पण सूनच ती. तिची नोकरी प्रवास विम्याच्या कंपनीत, लोकांचे दावे तपासण्याची. सात वर्षं ती हेच करत होती.

सामानाच्या खिडकीमागे एक तरुण कारकून जांभई दाबत बसला होता. बॅगेच्या पट्टीचा नंबर त्याने मशीनमध्ये घातला आणि मान हलवली.

"मावशी, तुम्ही मधे विमान बदललंत ना? बॅग तिथेच राहिलीय. पुढच्या विमानाने येईल, नाहीतर त्याच्या पुढच्या."

"पण पहिलं विमान तुमच्या कंपनीचं नव्हतंच."

"शेवटचं आमचं होतं. मग तक्रार आमच्याकडेच." त्याने बॅगेचा रंग, आकार, आत काय आहे, ती कुठे पोचवायची हे सगळं लिहून घेतलं आणि एक छापील कागद पुढे केला. "हा तक्रारीचा नंबर. बॅग येईपर्यंत लागेल ते घ्या. दात घासायचं, अंगावरचे कपडे, औषधं. वस्तूंची नावं असलेली बिलं ठेवा आणि आमच्याकडे भरपाई मागा. वाजवी असेल ते मिळेल."

"शिक्का?" बाईंनी विचारलं.

"शिक्का नसतो हो."

"शिक्क्याशिवाय कागद म्हणजे निव्वळ रद्दी," बाई म्हणाल्या. कारकुनाने शोधून कुठलातरी शिक्का काढला आणि मारला. तो बहुधा टपालाचा होता, पण बाईंचा जीव भांड्यात पडला. वर त्याने एक छोटी पिशवी दिली. आत दात घासायचा ब्रश, बोटभर पेस्ट आणि एक बनियन. त्या बनियनमध्ये दोन फाईलबाई मावल्या असत्या.

बाहेर सून उभी होती. वाकून नमस्कार झाला आणि तिने पहिला प्रश्न केला, "तक्रारीचा कागद? बॅगेची पट्टी? बोर्डिंग पास?" बाईंनी तीनही वस्तू पत्त्यांसारख्या उघडून धरल्या. "छान," सून म्हणाली, आणि मग, "प्रवास कसा झाला?"

बाईंना हे आवडलंही आणि टोचलंही. आधी कागद, मग माणूस. ऑफिसात त्या स्वतः असंच वागायच्या, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी खरेदीला निघाल्या. सासू-सुनेने पहिली एकत्र खरेदी कशाची करावी? तर परकराची आणि आतल्या कपड्यांची! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून मात्र दुकानात सरळ "यांचं माप काढा" म्हणून मोकळी झाली आणि स्वतः मोज्यांच्या फळीकडे जाऊन उभी राहिली. बाईंना तेवढा आडोसा पुरला.

बाई सगळ्यात स्वस्त गाऊन उचलायला गेल्या.

"आई, तो एका धुण्यात फाटेल."

"दोन दिवसांचा तर प्रश्न. उगाच कशाला?"

"वाजवी म्हणजे सगळ्यात स्वस्त नव्हे. वाजवी म्हणजे तुम्ही एरवी जसं वापरता तसं. फक्त बॅग आली नाही म्हणून नव्याने कपाट भरायचं नाही, एवढंच. तुम्ही घरात घालायचा एक गाऊन घ्या, बाहेर घालायचे दोन जोड, आतले तीन. यावर कुणी नाक मुरडणार नाही."

बाईंच्या हातात एक निळा लोकरी कोट आला. त्यांनी तो दोनदा उलटून पाहिला. सून म्हणाली, "हा भरपाईत बसणार नाही. दिला तरी अर्धेच पैसे देतील, कारण कोट तुमच्याकडेच राहणार ना पुढे." बाईंनी चटकन कोट परत टांगला. त्यांना कोट नकोच होता, नुसता बघत होत्या. पण या घरात जे ते नियमात बसवून बघतात, असं त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

औषधांच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. गोळ्या बॅगेतच राहिल्या होत्या. "गोळ्या नेहमी हातातल्या पिशवीत ठेवायच्या, आई," एवढंच सून बोलली. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो लेकाकडे होता म्हणून निभावलं. सुनेला दूध आणि भांडी घासायचा साबणही हवा होता. तिने गल्ल्यावर दोन ढीग केले.

"वेगवेगळी बिलं करा."

"एकच करते ना, ताई," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली.

"नको. यांच्या गोळ्यांत माझा साबण मिसळला की उद्या कुणीतरी विचारणार, सामानाबरोबर भांडीही हरवली का?" गल्ल्यावरची मुलगी हसली. तिने कार्डाची चिठ्ठी पुढे केली. सून म्हणाली, "ही नको, बिल द्या. या चिठ्ठीवर फक्त रक्कम असते. काय घेतलं ते कळत नाही."

शेवटी कोपऱ्यावरच्या चपलावाल्याकडून घरात घालायच्या सपाता घेतल्या. त्याच्याकडे मशीन नव्हतं. त्याने पेनाने बिल लिहून सही ठोकली. फाईलबाईंनी त्याच्याकडे मोठ्या आदराने पाहिलं.

घरी आल्यावर सुनेने सगळ्या पावत्या एका लखोट्यात घातल्या आणि तो बाईंच्या हातात दिला. "हे तुम्ही सांभाळा आई. तुमच्याइतकं कोण सांभाळणार?"

या एका वाक्याने बाई फुलल्या. या घरात त्यांना मिळालेलं हे पहिलं काम होतं.

तिसऱ्या दिवशी सून कामावर गेली. बाईंनी लखोटा उघडला आणि त्यांचा जीव कळवळला. काय ते कागद! कांद्याच्या सालीसारखे पातळ, कडा वळलेले. एकाला पाण्याचा थेंब लागलेला. यांच्यावर दाव्याची मदार? बाईंची नजर लेकाच्या टेबलावर गेली. तिथे प्लॅस्टिकच्या वेष्टनात कागद बंद करायचं यंत्र होतं. बालवाडीतल्या पोरांसाठी तो चित्रं त्यात घालायचा, म्हणजे पोरांनी चाटली तरी भिजत नाहीत. ऑफिसात बाईंनी अशाच यंत्रातून शेकडो जुने नकाशे काढले होते. हात बसलेला होता. त्यांनी यंत्र तापवलं, पावत्या नीट ओळीने लावल्या आणि पहिलं पान आत सरकवलं.

पान दुसऱ्या बाजूने बाहेर आलं ते काळं ठिक्कर पडून.

बाईंना वाटलं, यंत्र घाणेरडं असेल. त्यांनी फडक्याने पुसलं आणि दुसरं पान घातलं. तेही काळं. आता थांबायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस विचार करतो कुठे? तिसऱ्या पानात चपलावाल्याचं बिल आणि औषधाची पावती होती. तेही गेलं आत. बाहेर आलं तेव्हा चपलावाल्याची सही काचेखाली ठेवल्यासारखी लखलखत होती आणि शेजारी औषधाच्या पावतीचा कोळसा झाला होता.

बाईंनी यंत्राचं बटण बंद केलं. एकतीस वर्षांत एक चिठोरं हरवलं नाही, आणि सुनेने विश्वासाने दिलेला पहिला लखोटा त्यांनी आपल्या हाताने जाळला होता. आता ही काय म्हणेल? तोंडाने काही म्हणणार नाही, तेच वाईट. मनात म्हणेल, म्हातारीला एक काम धड जमत नाही आणि ही आयुष्यभर आपल्या गळ्यात. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी परतीच्या विमानाच्या वेळासुद्धा बघायला घेतल्या, पण चष्मा धुरकटला होता.

संध्याकाळी सून आली. बाईंनी आडपडदा न ठेवता तीनही पानं तिच्यापुढे ठेवली. "मी वाट लावली गं. जपायला गेले आणि सगळं काळं करून बसले."

सुनेने पहिलं पान उचललं. उजेडात धरलं. मग दुसरं. मग ती खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. बाईंना वाटलं, ही रडतेय की काय? पण सून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"आई, हा कागदच उष्णतेवर छापतात. शाई नसतेच त्यात. गरम केलं की सगळाच छापला जातो!"

"मग मला सांगायचंस ना!"

"मला काय माहीत तुम्ही त्यांना फ्रेमच करणार आहात!" ती डोळे पुसत म्हणाली. मग एकदम थांबली. "थांबा, चूक माझीपण आहे. मी रोज दहा जणांना ओरडते, पावती मिळाल्या मिळाल्या फोटो काढा, ती आपोआपसुद्धा पुसट होते. आणि घरच्या पावत्यांचा एक फोटो काढला नाही. रविवारी काढू म्हटलं. माझ्या साहेबांना कळलं तर मला कामावरून काढतील."

बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी चहा टाकला तो चौघांना पुरेल एवढा.

चौथ्या दिवशी सुनेने अर्धी रजा काढली आणि दोघी पावत्यांच्या शोधात निघाल्या. औषधांच्या दुकानात सुनेचा सभासद क्रमांक होता. गल्ल्यावरच्या मुलीने बटण दाबलं आणि बिल जसंच्या तसं पुन्हा छापून दिलं. "आता भाजू नका हं, आजी," ती म्हणाली, कारण सुनेने तिला सगळी हकीकत रंगवून सांगितली होती. कपड्यांच्या दुकानातला व्यवस्थापक आढेवेढे घ्यायला लागला. तारीख काय, वेळ काय, कोणत्या गल्ल्यावर? आता फाईलबाईंची पाळी होती. "परवा, सकाळी अकरा वाजून दहा-पंधरा मिनिटं, दाराकडून दुसरा गल्ला, गल्ल्यावर लाल चष्म्याचा माणूस. कार्डाचे शेवटचे चार आकडे हिच्याकडे आहेत. आणि साहेब, नोंद असेल तर नक्कल मिळते, जगात कुठेही." व्यवस्थापकाने मुकाट्याने नक्कल काढून दिली. दुकानातच दोघींनी त्या नकलेचे फोटो काढले, एक सुनेने आणि एक बाईंनी. वाटेत सून म्हणाली, "तुमच्यासारखी एक जण आमच्या ऑफिसात हवी होती." बाईंची चाल जरा ताठ झाली.

त्या दुपारीच बॅग आली. आणणाऱ्या माणसाला सही देताना बाईंनी वेळ घातली. नाहीतरी घातलीच असती, पण सूनही म्हणाली की हवी, कारण बॅग आल्यानंतरची खरेदी धरत नाहीत.

"आता बॅग मिळाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत लेखी मागणी गेली पाहिजे," सुनेने सांगितलं. "आपण आजच करू. बॅग आलीच नसती तर? मधला खर्च आधी देतात आणि शेवटच्या हिशेबातून वळता करतात. ती कटकट वाचली." तिने अर्ज भरला, तक्रारीचा नंबर, बोर्डिंग पास, पट्टी, नकला आणि चपलावाल्याचं चमकदार बिल जोडलं आणि पाठवून दिलं. पावत्या परत लखोट्यात गेल्या.

पुढचा आठवडा बरा गेला. लेक परत आला, बालवाडीतल्या गमती सांगून हसवू लागला. दोघीजणी संध्याकाळी फिरायला जाऊ लागल्या. पण जे ऐकायला बाई आल्या होत्या ते मात्र कुणी बोललं नाही. तेरावा दिवस उजाडला. बाईंनी ठरवलं, आज रात्रीच्या जेवणाला परतीचा विषय आपणच काढायचा. उगाच कुणाला अवघड नको.

त्याच सकाळी विमान कंपनीतून फोन आला. सून घरूनच काम करत होती, लेक शाळेत होता. बाईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"मॅडम, तुमचा अर्ज पाहिला. कागद सगळे व्यवस्थित आहेत. इतके व्यवस्थित फार कमी येतात," पलीकडून एक बाई म्हणाली. फाईलबाईंनी सुनेकडे अभिमानाने पाहिलं. "फक्त एक खुलासा हवा. तिकीट एकाच बाजूचं दिसतंय आणि पत्ता इथलाच आहे. तुम्ही इथे पाहुण्या म्हणून आलात की हे तुमचं घर आहे?"

"त्याने काय फरक पडतो?"

"खूप पडतो. परगावी असाल तर बॅगेशिवाय तुमच्याकडे काहीच नसतं, म्हणून गरजेचा खर्च आम्ही देतो. पण घरी पोचला असाल, तर कपडेलत्ते घरात असणार असं धरतो. मग कपड्यांचं काही मिळत नाही, फार तर औषधांचा विचार होईल. तर काय लिहू?"

प्रश्न साधा होता. रकाना एक, उत्तरं दोन. फाईलबाईंनी आयुष्यात अर्जावर खोटं लिहिलं नव्हतं, आणि आज खरं काय तेच त्यांना ठाऊक नव्हतं. "पाहुणी" म्हणावं तर पैसे मिळतील, आणि गेले तेरा दिवस जे मनात धरलं त्याच्यावर आपल्याच तोंडाने काट मारल्यासारखं होईल. "घर" म्हणावं तर कुणाच्या परवानगीने?

त्यांनी फोनवर हात ठेवला. "काय सांगू गं?"

"खरं ते सांगा," सून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"खरं काय ते मला माहीत नाही. ते तूच सांग."

सून खुर्चीवरून उठली. सात वर्षं तिने लोकांना रकाने भरायला शिकवले होते. कुठल्या उत्तराने दावा बसतो आणि कुठल्याने पडतो हे तिला झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. ती सासूच्या शेजारी येऊन बसली.

"घर सांगा आई."

"अगं, पैसे जातील."

"जाऊ देत. घर सांगा."

बाईंनी फोनवरचा हात काढला. पलीकडची बाई "हॅलो, हॅलो" करत होती.

"लिहून घ्या," फाईलबाई म्हणाल्या. "घर."

"पक्कं लिहू ना मॅडम? मग नंतर बदल होणार नाही."

"पक्कं लिहा."

फोन ठेवल्यावर बाई रडत होत्या आणि लपवतही नव्हत्या. मग त्यांनी नाक पुसलं आणि जरा रागानेच विचारलं, "तेरा दिवस झाले. हे आधी का नाही बोललीस?"

"भीती वाटली," सून म्हणाली. "हे तर दर आठवड्याला फोनवर बोलावायचे. त्यात मीपण म्हटलं, तर तुम्हाला वाटेल, दोघं मिळून आपलं घर सोडायला लावतायत. मी म्हटलं, तुम्ही आपणहून म्हणाल."

"आणि मी वाट बघत होते, तू म्हणशील."

"म्हणजे आपण दोघी नुसत्या बसून राहिलो."

"बसूनच," बाई म्हणाल्या, आणि सुनेचा हात हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.